शहाण्णव हजार, आणि तरी औषध नाही

“काकू, ब्लड कॅन्सर आहे म्हणता, काउंट शहाण्णव हजारांवर गेलाय म्हणता, मग डॉक्टर औषध का चालू करत नाहीत? नेमकी कशाची वाट बघताय?”

हा पांढऱ्या पेशींचा काउंट कुठल्या पेशींमुळे वाढलाय, ते आधी बघावं लागतं. मला आहे तो क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल. अचानक होणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये कच्च्या पेशी अस्थिमज्जेत माजतात आणि थोड्या दिवसांत माणूस आडवा होतो. सीएलएलमध्ये वाढतात त्या दिसायला पिकलेल्या, लहानखुऱ्या बी लिम्फोसाइट पेशी. जंतूंशी लढायचं काम त्यांना धड जमत नाही आणि वेळेवर मरतही नाहीत, म्हणून साठत जातात. आकाराने लहान असल्यामुळे लाखाच्या घरात गेल्या तरी रक्त घट्ट होऊन अडकण्याची वेळ सहसा येत नाही. आकडा ऐकून पाहुण्यांच्या पोटात गोळा येतो, माझ्या डॉक्टरांच्या येत नाही, त्याचं कारण हे.

माझं निदान 2018 साली झालं. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी साधा सीबीसी केला, पांढऱ्या पेशी 21,400 आणि त्यात लिम्फोसाइट 74 टक्के. म्हणजे जवळजवळ 15,800. पुढे फ्लो सायटोमेट्री झाली आणि नाव पक्कं झालं. ‘औषध काय?’ म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘तीन महिन्यांनी या.’ गंगापूर रोडवरून रिक्षाने घरी येईपर्यंत मला वाटत होतं, माझी केस हाताबाहेर गेली असणार, सांगवत नाहीये त्यांना.

तसं नव्हतं. लवकर औषध देऊन बघण्याचे प्रयोग रीतसर झालेत. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या, त्याचे निष्कर्ष 1998 साली आले: आजाराची चाल मंदावली, पण ती माणसं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगली नाहीत. पुढे जर्मनीत आयब्रुटिनिब या नव्या गोळीवर तसाच अभ्यास झाला. आजार लांबला, आयुष्य लांबलं नाही, आणि गोळीबरोबर रक्तस्राव, हृदयाचे अनियमित ठोके, वाढलेलं बीपी हे मात्र पदरात पडलं. साधारण एक तृतीयांश रुग्णांना तर जन्मभर उपचारांची गरजच पडत नाही. मग बरं असलेल्या माणसाला आजपासून कशाला त्रास द्यायचा?

मी लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे तीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे आकडे वहीत उतरवायची खोड आहे. काउंट 48,000 वरून 96,000 व्हायला मला तीन वर्षं लागली. डॉक्टर बघतात ते हे दुपटीचं अंतर. तीस हजारांच्या पुढे गेलेला काउंट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला, किंवा दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त वाढला, तर ते कान टवकारतात. तेही संसर्ग किंवा स्टेरॉइड हे कारण नाही ना, ते तपासून. मला 2022 साली न्यूमोनिया झाला तेव्हा काउंट 55,000 वरून 78,000 वर उडाला होता. दीड महिन्याने परत केला, 58,000.

माझ्या वहीत ज्या रकान्याखाली लाल रेघ आहे तो पांढऱ्या पेशींचा नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचा आहे. अस्थिमज्जेत या पेशींनी जागा बळकावली की लाल पेशी आणि प्लेटलेट तयार करायला जागाच उरत नाही. हिमोग्लोबिन दहाच्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरत चालले, की उपचारांची वेळ आली असं धरतात. मात्र घसरण सीएलएलमुळेच आहे, हे आधी ठरवावं लागतं. माझं हिमोग्लोबिन एकदा 9.6 झालं आणि मी मनातल्या मनात बॅग भरली. डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेलं लोह किती ते दाखवणारी, आणि कूम्ब्स अशा दोन तपासण्या सांगितल्या. कूम्ब्स निगेटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडतंय अशी खूण मिळाली नाही. फेरिटिन मात्र 8! गुडघ्यासाठी मी दुकानातून आणून खात होते त्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात आतल्या आत रक्त जात होतं. गोळ्या बंद केल्या, लोह घेतलं, चार महिन्यांत 11.9. तेव्हा घाईने कॅन्सरचं औषध चालू झालं असतं तर ते पोटातलं दुखणं तसंच राहिलं असतं.

बाकी तपासणी हाताची. डॉक्टर मला आडवं करून ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतात, बरगडीखाली बोटं रुतवतात, प्लीहेची कड लागली की पोटावर पेनाने खूण करतात आणि टेपने मोजतात. माझी दोन सेंटिमीटर आहे. सहाच्या पुढे गेली, वाढतच राहिली, किंवा दोन घास खाल्ले तरी पोट गच्च वाटू लागलं, तर गोष्ट वेगळी. मानेच्या, काखेच्या गाठींचंही तेच.

घरी मला लक्ष ठेवायचं ते वजनावर: सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं, म्हणजे माझ्या 62 किलोतले सहा गेले, तर कळवायचं. रात्रीचा घाम महिनाभर, ताप दोन आठवडे, आणि दोन्हींमागे संसर्ग नाही, तरीही कळवायचं. घाम म्हणजे मे महिन्यात नाशिककराला येतो तो नव्हे, गाऊन पिळावा लागतो तो. आणि एखादीच गाठ भराभर वाढली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. क्वचित हा आजार रूप पालटून आक्रमक होतो, ती त्याची खूण असू शकते. मधल्या काळात न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी घेतल्यात. जिवंत जंतूंच्या लसी मला चालत नाहीत.

ओपीडीत माझ्या शेजारी बसणारे निफाडचे एक द्राक्षबागायतदार काका आहेत. त्यांचा काउंट 38,000, माझ्या निम्म्याहून कमी. पण हिमोग्लोबिन 9.1, प्लेटलेट 82,000, प्लीहा नऊ सेंटिमीटर, फेरिटिन उत्तम आणि कूम्ब्स निगेटिव्ह. अस्थिमज्जा तपासली तर ती गच्च भरलेली. त्यांचे उपचार सुरू झाले, माझे नाही. त्याआधी गुणसूत्रांची फिश तपासणी झाली. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला निघाला. अशा वेळी जुनी केमो फारशी लागू पडत नाही, म्हणून आयब्रुटिनिब दिलं. हा तुकडा गळलेला असणं हे उपचार सुरू करण्याचं कारण नव्हे बरं का, औषध कुठलं निवडायचं ते त्यावरून ठरतं.

तीन आठवड्यांनी काकांचा मला घाबऱ्या घाबऱ्या फोन आला: “ताई, गोळी लागू पडंना. काउंट एक लाख दहा हजार झाला!” मी विचारलं, गाठी? म्हणाले, मानेच्या तर हाताला लागत नाहीत, आणि भाकरी आता पूर्ण जाते. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की गाठींत आणि प्लीहेत दडलेल्या पेशी या गोळीने रक्तात उतरतात, म्हणून सुरुवातीला काउंट चढतो आणि मग काही महिन्यांत हळूहळू खाली येतो. परवा प्लेटलेट 1,24,000 आल्याचं त्यांनी कळवलं. काउंटचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.