आमची वाटचाल: नऱ्ह्याचा गाळा, डेबिट नोटा आणि एक आलेख

नऱ्ह्यात भाड्याच्या गाळ्यात आम्ही पत्र्याचं जॉबवर्क सुरू केलं तेव्हा एक प्रेस ब्रेक होता आणि पंचिंग बाहेरून करून आणायचो. आज पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग सगळं आमच्याच छपराखाली होतं, फक्त पावडर कोटिंग शेजारच्या गाळ्यात. माल म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स आणि त्यांची दारं. ऑर्डरी वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. दर महिन्याला पेमेंट येताना त्यातून डेबिट नोटा वजा झालेल्या असायच्या, आणि मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याची तक्रार मोठी ठरायची. बहुतेक वेळा ती ओरखड्यांची असायची, कारण ओरखडा लांबूनही दिसतो.

सहा महिन्यांच्या तक्रारी एक्सेलमध्ये होत्याच. अकाउंट्स बघणाऱ्या ताई त्या ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून उतरवून ठेवत. त्यावरून पॅरेटो आलेख काढायचं ठरलं. म्हणजे कारणांचे खांब मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे आणि वरून एकत्रित टक्क्यांची रेघ ओढायची. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटलीचा अर्थशास्त्रज्ञ. त्याचं नाव कारखान्यांच्या गुणवत्तेच्या कामात आणलं ते जोसेफ जुरान यांनी.

खरा वेळ आलेखात गेला नाही, कारणांच्या रकान्यात गेला. एकच गोष्ट तिथे ‘ओरखडा’, ‘ओरखडे’, ‘स्क्रॅच’ आणि ‘पेंट गेला’ अशी चार नावांनी बसली होती. एक्सेलच्या लेखी ही चार वेगळी कारणं, म्हणजे चार बुटके खांब, आणि सगळ्यात मोठं कारण शेपटीत हरवलेलं. आम्ही कारणांची पक्की यादी केली आणि त्या रकान्याला Data Validation मधून List लावली. आता ताई टाइप करत नाहीत, यादीतून निवडतात. यादीत न बसणारं ‘इतर’मध्ये जातं, पण ‘इतर’ फुगायला लागलं तर यादीच अपुरी आहे असं आम्ही धरतो.

साफसफाई झाल्यावर 120 तक्रारी अशा बसल्या: ओरखडे 46, भोकं न जुळणं 31, नग कमी 17, वेल्डचे शिंतोडे 11, गंज 5, चुकीचं लेबल 4 आणि इतर 6.

एक्सेल 2016 पासून Pareto नावाचा तयार आलेख मिळतो. खांब तो आपोआप क्रमाने लावतो. तरी मी तो वापरत नाही. ‘इतर’लाही तो आकड्याप्रमाणे मध्येच कुठेतरी बसवतो, आणि मला ते शेवटीच हवं असतं. शिवाय आमच्या एका ग्राहकाकडे जुनं एक्सेल आहे, तिथे तो उघडत नाही. हाताने करायला फारसं काही लागत नाही. A रकान्यात कारण, B मध्ये संख्या; ‘इतर’ची ओळ वगळून बाकीच्या ओळी B प्रमाणे Sort Largest to Smallest करायच्या, आणि C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$8)
```

पहिल्या B$2 ला कुलूप असल्यामुळे बेरीज दर ओळीला एकेक घर वाढत जाते. आमचे आकडे 38, 64, 78, 88 टक्के असे चढत शेवटी 100 वर आले. मग तिन्ही रकाने निवडून Insert मधून Combo आलेख घ्यायचा, संख्येला Clustered Column, टक्क्यांना Line with Markers, आणि टक्क्यांसमोर Secondary Axis वर टिक. ही टिक राहिली तर रेघ तळाशी आडवी झोपते. 46 च्या मापावर 0.38 दिसणार तरी कसा?

यापुढची पायरी बरेच जण सोडून देतात. उजव्या अक्षाला एक्सेल बऱ्याचदा स्वतःहून 120 टक्के कमाल ठेवतं. ती बदलून 1 करायची, म्हणजे 100 टक्के. डाव्या अक्षाची कमाल एकूण तक्रारींइतकी, म्हणजे 120. आता दोन्ही मापं एकाच उंचीवर संपतात, आणि रेघेचा पहिला ठिपका पहिल्या खांबाच्या बरोबर माथ्याला टेकतो. ठिपका हवेत तरंगत असेल किंवा खांबाच्या पोटात असेल तर अक्ष चुकलेत. दुसरी खूण रेघेच्या वळणात असते. रेघ पुढे जाईल तशी सपाट व्हायला हवी. मध्येच ती जास्त चढली तर नवीन आकडे भरल्यावर पुन्हा क्रम लावायचा राहिलाय. शेवटचा ‘इतर’चा तुकडा तेवढा अपवाद.

आलेख भिंतीवर लागला. सात कारणांपैकी पहिल्या तिनांत 78 टक्के तक्रारी. ऐंशी टक्के तक्रारी वीस टक्के कारणांतून येतात, हा ऐंशी-वीसचा हिशोब तंतोतंत जुळला नाही, जुळायलाच हवा असं काही नसतं. सगळे म्हणाले, चला, आधी ओरखडे. आमचे सुपरवायझर काका मात्र म्हणाले, “ओरखड्याला टच-अप करून माल तिथेच जातो. भोक चुकलं की दार भंगारात.”

त्यांचं बोलणं बिनतोड होतं. मग तोच तक्ता रुपयांत मांडला. ओरखड्याचा खर्च सरासरी 400 रुपये, भोकं न जुळलेल्या तक्रारीचा 2,600. ओरखडे एकूण 18,400 वर थांबले आणि भोकं 80,600 वर गेली. सगळ्या कारणांची बेरीज होती 1,21,850, म्हणजे एकट्या भोकांनी 66 टक्के पैसा खाल्ला होता. गंज संख्येत पाचवा होता, रुपयांत तिसरा आला. तेव्हापासून आम्ही दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावतो: ग्राहकाची नाराजी संख्येतून कळते, आपला खिसा रुपयांतून.

‘भोकं जुळत नाहीत’ हे ग्राहकाला दिसणारं लक्षण. त्याच्यावर थेट उपाय करता येत नाही. म्हणून त्या 31 तक्रारींचाच वेगळा पॅरेटो काढला. प्रत्येकीचं चलन, ड्रॉइंग आणि परत आलेलं दार काकांनी समोर ठेवून तपासलं. 18 ठिकाणी मशीनवर जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग होतं, 8 ठिकाणी बेंडिंगचा स्टॉपर सरकलेला, 3 ठिकाणी पंच झिजलेला, 2 किरकोळ. मशीन बदलायची चर्चा तिथेच थांबली. जुन्या प्रिंट फाडायचा नियम झाला, जॉब कार्डावर रिव्हिजन नंबर आला, आणि ड्रॉइंगवरचा व कार्डावरचा नंबर जुळल्याशिवाय पहिला नग पंच करायचा नाही असं ठरलं.

पुढच्या सहामाहीत माल जवळपास तेवढाच गेला आणि तक्रारी 80 आल्या. भोकांच्या त्यात फक्त 8. पण नवा आलेख बघून आमच्या एका ग्राहकाच्या परचेसचे साहेब म्हणाले, “ओरखडे वाढलेत की हो तुमचे! 38 टक्क्यांचे 51 झाले.” ओरखडे खरं तर 46 वरून 41 वर उतरले होते. टक्क्यांची रेघ नेहमी शंभरावरच संपते. एक मोठा खांब कापला की उरलेल्यांचा वाटा वाढणारच. एकूण तक्रारी घटल्या का, हे ती रेघ सांगत नाही. त्यामुळे तुलना दाखवताना नव्या आलेखाचाही डावा अक्ष मी 120 वरच ठेवतो. रेघेचा ठिपका मग खांबाच्या माथ्याला बसत नाही, म्हणून त्या प्रतीवरून रेघ काढून टाकतो आणि नुसते खांब दाखवतो.

सध्या ओरखड्यांच्या 41 तक्रारींचा पोटआलेख चालू आहे. कोटिंगवाल्याकडून येताना टेम्पोत किती पडतात आणि आमच्याच पॅकिंग टेबलावर किती, हे ताई वेगळ्या रकान्यात भरतायत. फोम शीटची ऑर्डर तोवर थांबवून ठेवली आहे.