बटण न दाबता सुरू होणारी मोटार

विहिरीवरची मोटार बंद करण्यासाठी बाबांना रात्री उठावे लागू नये, म्हणून मी आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड वापरून एक टायमर बनवला. बटण दाबले की रिले स्टार्टरला चालू करणार आणि चाळीस मिनिटांनी बंद करणार, एवढेच त्याचे काम होते. टेबलावर तो नीट चालला, पण बटण घराच्या पडवीत बसवून तिथून मोटारीच्या केबलच्या बाजूने तीस मीटर वायर ओढली, त्याच रात्री बाबा म्हणाले, "बटणाला कोणी हात लावला नाही, तरी मोटार सुरू झाली."

मी आधी रिले बदलला, मग प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी बोर्डाच्या ज्या पिनला बटणाची वायर येते, तिच्यावरचे व्होल्टेज पाहण्यासाठी मल्टिमीटर लावला, तर दोष नाहीसा झाला आणि मीटर काढताच परत आला. खरा सुगावा मला इथे लागला.

मी बटण पिन आणि ५ व्होल्टच्या मधे जोडले होते. ते दाबले की पिनला ५ व्होल्ट मिळत. सोडले की शून्य मिळेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बटण सोडल्यावर पिन कशालाच जोडलेली राहत नव्हती. इनपुट पिन इतका कमी विद्युतप्रवाह घेते की शेजारच्या केबलमधून लांब वायरवर उमटणारा क्षीण विद्युतभारसुद्धा तिचे व्होल्टेज हलवतो. ते ३ व्होल्टच्या वर गेले की चिप HIGH वाचते आणि दीडच्या खाली आले की LOW. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी नाही. मीटरचा साधारण १० मेगाओहमचा रोध पिनला ग्राउंडकडे ओढत होता, म्हणून तो लावलेला असेपर्यंत सारे शांत होते.

उपाय म्हणून मी बटण पिन आणि ग्राउंडच्या मधे घेतले.

```
pinMode(7, INPUT_PULLUP);
bool dabale = (digitalRead(7) == LOW);
```

INPUT_PULLUP मुळे चिपमधला पुल-अप रोध पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. म्हणून आता बटण मोकळे असताना पिन HIGH राहते आणि दाबल्यावर LOW होते. मात्र हा रोध २० ते ५० किलोओहमचा असतो आणि तीस मीटर वायरसाठी तो अपुरा पडला. मोटार सुरू होताना अधूनमधून चुकीची नोंद होतच राहिली. म्हणून बोर्डाजवळ पिन आणि ५ व्होल्टच्या मधे ४.७ किलोओहमचा रोध लावला, वायर मोटारीच्या केबलपासून दूर नेली आणि ५० मिलिसेकंद सलग LOW मिळाले तरच बटण दाबले असे मानायचे ठरवले.

या जोडणीचा आणखी एक फायदा मी मुद्दाम वायर सोडवून तपासला: वायर तुटली तरी पिन HIGH राहते आणि मोटार सुरू होत नाही. वायरचे आवरण सोलून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या, तर मात्र टायमर ते बटण दाबल्यासारखेच धरेल. त्यासाठी ती वायर आता पाइपातून नेली आहे.