‘किती दिवसांनी आठवण द्यायची?’ या एका चौकटीचा माझा अनुभव

सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी ऑनलाइन विकायला घेतलेल्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये माल चढवणं, फोटो, पेमेंट, कुरियर हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते एका चौकटीपाशी: ‘रिऑर्डर रिमाइंडर किती दिवसांनी?’ म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा घेण्याची आठवण देणारा निरोप कधी जावा. सगळ्या दुकानाला मिळून एकच आकडा, आणि आधीपासून भरलेला ३०. मदतीच्या फोनवर उत्तर मिळालं, “सगळे तीसच ठेवतात ओ सर.” शेंगा चटणी आणि कडक भाकरी एकाच दिवशी संपतात असं मानणाऱ्या माणसाशी काय बोलणार!

आकडा आपल्याच जुन्या ऑर्डरींतून काढायचा. यादी शीटमध्ये घ्या: A मध्ये मोबाइल, B मध्ये माल आणि वजन, C मध्ये तारीख. याच क्रमाने लावून घ्या आणि तिसऱ्या ओळीपासून D मध्ये हे सूत्र खाली ओढा:

```
=IF(AND(A3=A2,B3=B2),C3-C2,"")
```

दोन खरेदींमधलं अंतर दिवसांत मिळतं. पाव किलो आणि अर्धा किलो हे वेगळे माल धरायचे. अर्धा किलो दुप्पट दिवस पुरेल असं धरू नका. घरात चटणी जास्त असली की ताटात जास्त पडते.

आता सरासरीचा मोह टाळा. समजा, पाव किलो चटणी नेणाऱ्या एका घराची अंतरं २४, २७, २६, ३१ आणि ९२ दिवस आहेत. सरासरी येते ४०. पण हे घर चाळीस दिवसांनी कधीच आलेलं नाही. ९२ चं कारण बहुधा मे महिन्याची सुट्टी, किंवा सोलापूरला येऊन नवी पेठेतून हातोहात नेलेली पाकिटं, ज्यांची नोंद ऑनलाइन यादीत नसतेच. `MEDIAN` लावलं की मधला आकडा २७ येतो, आणि तोच या घराचा खरा.

मात्र सगळ्या घरांची अंतरं एकत्र ओतून मधला आकडा काढू नका. वारंवार घेणाऱ्या घराच्या ओळी जास्त असतात, त्यामुळे तेच सगळ्यांच्या वतीने बोलतं. आधी प्रत्येक घराचा मधला आकडा, मग त्या आकड्यांवर `QUARTILE(…,1)`, म्हणजे पाव घरं ज्या दिवसाच्या आत परत येतात तो दिवस. मधला न घेता पहिला चतुर्थांश का? मधल्या दिवशी निरोप गेला तर निम्म्या घरांची चटणी तोवर संपलेली असते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आलेलीही असते. चतुर्थांश २२ आला असं धरा. नागपूरला कुरियरला चार दिवस लागत असतील तर तेही वजा करा: ऑर्डरपासून अठराव्या दिवशी निरोप. पुण्याला दोन दिवस लागत असतील तर विसाव्या.

यादीच फक्त चार महिन्यांची असेल तर पाच महिन्यांनी येणारं गिऱ्हाईक तीत दिसणारच नाही. आकडा खोटा लहान येतो आणि लोकांना निरोपांचा वैताग येतो. वर्षभराची यादी नसेल तर निरोप चार-पाच दिवस उशिराच ठेवा.

त्या चौकटीचं काय? मी तिथला रिमाइंडर बंदच केला. ‘पाव-नागपूर-१८’ अशा खुणा लावून वेगळ्या याद्या केल्या आणि प्रत्येकीचा निरोप वेगळा लावला. नवी ऑर्डर आली की जुना निरोप रद्द झालाच पाहिजे, हे आधी स्वतःच्या नंबरवर तपासा. कालच पार्सल मिळालेल्याला आज ‘चटणी संपली का?’ विचारलं की तो नंबर ब्लॉक करतो.

एक राहिलं, आणि ते खरं तर सर्वांत आधी करायचं: +91, सुरुवातीचं शून्य, मधली मोकळी जागा काढून मोबाइल दहा आकडी करा, नाहीतर एकच घर तीन घरं होतं. एकाच दिवशीच्या दोन ऑर्डरी एक धरा. दिवाळीत दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेली भेट-पाकिटं वगळा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांसाठी घेतलेली कडक भाकरीची थप्पीही वगळा, तो त्या घराचा रोजचा खप नव्हे.

दरमहा आपोआप माल आणि त्यावर सवलत, ही योजना पहिल्याच ऑर्डरला पुढे करू नका. ज्या घराची निदान तीन अंतरं जवळजवळ सारखी आहेत, त्यालाच विचारा. इथे हिशोब उलटा: निरोप लवकर, पण आपोआप जाणारा माल थोडा उशिरा. २७ दिवसांच्या घराला ३० द्या. आधीची बरणी अर्धी असताना दुसरी आली की शेंगदाण्याचं तेल खवट होण्याची धास्ती सुरू होते आणि योजना बंद पडते. ‘या वेळी नको’ हे बटण ठळक ठेवा. खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या नियमानुसार २४ तास आधी सूचना जातेच, आणि फडताळात दोन बरण्या दिसत असल्या तर गिऱ्हाईक त्याच सूचनेवरून सगळं रद्द करतं.