तंबाखूच्या हिशेबातले अडुसष्ट दिवस

नागपुरातल्या एका संस्थेत पिकांच्या जमाखर्चाचे काम करताना हिशेब चुकतो तो बहुधा बेरजेत नव्हे, तर कोणती गोष्ट लिहायचीच राहिली यात, हे मला एका दांपत्याने शिकवले. कागल तालुक्यातले हे दोघे बिडी तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्याकडे आले होते. काकांच्या पिशवीत पाच वर्षांच्या पट्ट्या आणि खतांच्या पावत्या नीट लावून ठेवलेल्या होत्या.

त्यांची तीन एकर कोरडवाहू काळी जमीन. एकरी सुमारे ३६० किलो तंबाखू आणि ११० रुपयांचा भाव धरला, तर ३९,६०० रुपये येत होते. रोपे, खत, पेंड आणि बाहेरची मजुरी यांचे १८,००० वजा जाता २१,६०० उरत. "साहेब, एवढं दुसरं कुठलं पीक देतंय?" असे काकांनी विचारले, तेव्हा माझ्याकडेही लगेच उत्तर नव्हते.

काकू तोवर गप्प होत्या. घरच्या मजुरीचा रकाना रिकामा पाहून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. शेंडे खुडणे, मग दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक झाडाचे फुटवे काढणे, पानांवर ठिपके उमटले की कापणी, उन्हात वाळवताना उलथापालथ आणि शेवटी पाला झोडणे, असे मिळून एकरी अडुसष्ट दिवस भरले. "त्यातले चाळीस माझे," त्या म्हणाल्या. "पाला ओला असताना खुडायला गेलं की डोकं गरगरतंय, मळमळतंय." ओल्या पानातले निकोटिन कातडीतून अंगात भिनते, म्हणून हा त्रास होतो, काकू मात्र इतकी वर्षे तो पित्ताचा समजत होत्या. दिवसाला ३०० रुपये धरल्यावर २०,४०० रुपये झाले आणि एकरी नफा १,२०० वर आला. काकांनी वही माझ्याकडून घेऊन बेरीज पुन्हा तपासली.

त्यांच्या मनात टोमॅटो होता. पण त्यांच्या रानात तंबाखूच्या मुळांवर जगणारे बंबाखू नावाचे तण होते आणि त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते. टोमॅटो आणि वांगे यांनाही ते लागते, त्यामुळे तो विचार सोडावा लागला. मग आम्ही खरिपात सोयाबीन आणि त्याच ओलीवर हरभरा मांडला. तंबाखूची लावण ऑगस्ट-सप्टेंबरात होत असल्याने रान तोवर मोकळे राहते आणि वर्षात एकच पीक हाती लागते, हा मुद्दा येथे कामी आला. एकरी सोयाबीन सात क्विंटल ४,२०० रुपयांनी आणि हरभरा चार क्विंटल ५,२०० रुपयांनी, म्हणजे ५०,२०० रुपये. खर्च २५,००० आणि घरची मजुरी बावीस दिवस. ती वजा करून १८,६०० उरत होते. मजुरी न धरता मात्र फरक जेमतेम ३,६०० रुपयांचा होता आणि काढणीच्या वेळचा एकच पाऊस तो पुसून टाकू शकत होता. केवळ रोकड मोजणारा शेतकरी तंबाखू का सोडत नाही, ते या आकड्यात दिसते.

खरी गाठ उचलीत होती. सिगारेटच्या तंबाखूला तंबाखू मंडळाची नोंदणी आणि लिलाव असतो, बिडीच्या तंबाखूला तो नाही. लावणीच्या वेळी व्यापारी ५०,००० रुपये देत असे आणि बदल्यात सगळा माल किलोमागे दहा रुपये कमी दराने घेत असे. १,०८० किलोंवर हे १०,८०० रुपये झाले. तेवढ्याच पीककर्जावर सात टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज १,७५० होते. पण सोसायटीत काकांची ४२,००० रुपयांची जुनी थकबाकी असल्याने नवे कर्ज मिळत नव्हते. पीक बदलासाठीची केंद्राची योजना २०१५-१६ पासून महाराष्ट्रासह तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांना लागू झाली, पण ती प्रात्यक्षिके आणि अवजारे यांसाठी आहे. उचल फेडायला तिचा उपयोग नव्हता. त्यांच्या भागात पाणी आलेले शेतकरी उसाकडे वळले, त्यामागेही पाण्याइतकेच कारण हे की माल घेणारा कारखाना ठरलेला असतो.

म्हणून एकदम तंबाखू सोडा, असे मी म्हटले नाही. त्या हंगामाच्या पैशातून आधी थकबाकी भरायची, पुढच्या जूनमध्ये पीककर्ज घ्यायचे आणि एका एकरात सोयाबीन पेरायचे, असे ठरले. सोयाबीन गावच्या शेतकरी कंपनीला विकायचे होते.

"पण डोंगराकडचं रान राहू दे," काका म्हणाले. "तिथं हरभरा केला तर डुकरं ठेवतील काय? तंबाखूला ती तोंड लावत नाहीत." विदर्भात राहून यावर वाद घालणे मला शक्य नव्हते. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला, तेव्हा दीड एकरात सोयाबीन-हरभरा होता आणि व्यापाऱ्याची उचल बंद झाली होती. डोंगराकडच्या रानात तंबाखूच होता. फुटवे काढायला तिथे आता मजूर लावतात, असे काकूंनी फोन घेऊन सांगितले.