मावशीचा परिचय, चौथी फेरी

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, तो मावशीचा परिचय अखेर मार्गी लागला. दिवाळी अंकाला लेखक-परिचय हवा होता. तिचा मूळ मजकूर असा: ‘मी नाशिकला राहते. पोस्टात २६ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. ३ कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. मोडी लिपी शिकते आहे.’

पहिल्या फेरीत एआय मॉडेलला एवढंच सांगितलं की भाषा सुधार, १०० शब्दांत लिही. चूक माझीच. वीसेक शब्दांचे शंभर करायचे तर उरलेले येणार कुठून? तीन कथांचं ‘अनेक दर्जेदार अंकांतून सातत्यपूर्ण लेखन’ झालं आणि मावशी ‘मोडीच्या अभ्यासक’ झाली. ती म्हणाली, ‘अरे, मोडीत शब्द कुठे तुटतो ते अजून मला कळत नाही, अभ्यासक कसली!’

दुसऱ्या फेरीत शब्दमर्यादा काढली आणि नको त्या शब्दांची यादी दिली. ‘ठसा उमटवला’ वर बंदी घातली, तर ‘वेगळी ओळख निर्माण केली’ आलं. अशी यादी कितीही वाढवा, गुळगुळीत शब्दांना भावंडं फार. त्यापेक्षा मूळ मजकुरात नसलेलं विशेषणच वापरू नको, हा एक नियम पुरला.

तिसऱ्या फेरीत मूळ वाक्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येक नव्या वाक्याशेवटी आधाराचा क्रमांक मागितला. वाटलं, जमलं. पण एक वाक्य आलं: ‘निवृत्तीनंतर त्या लेखनाकडे वळल्या [२][३]’. दोन्ही क्रमांक बरोबर, वाक्य मात्र खोटं, कारण तिन्ही कथा नोकरीत असतानाच्या आहेत. भर तपशिलात नव्हती, ‘नंतर’ या जोडशब्दात होती. मला हे पकडायला दोन दिवस लागले, मावशीला दोन सेकंद.

आत्ताच्या सूचना:

```
फक्त खालील क्रमांकित वाक्यांतली माहिती वापर.
मूळ मजकुरात नसलेलं विशेषण वापरू नको.
काळ किंवा कारण दाखवणारा जोडशब्द
(नंतर, त्यामुळे, म्हणून) मूळ मजकुरात असेल तरच वापर.
क्रियापदाचा काळ बदलू नको: "शिकते आहे" चं "शिकल्या" नको.
तृतीयपुरुषी, स्त्रीलिंगी, आदरार्थी लिही.
प्रत्येक वाक्याशेवटी आधाराचा क्रमांक दे.
मजकूर छोटा झाला तरी चालेल.
```

लिंगाची ओळ अनुभवातून आली. ती नसताना एकदा मावशीचे ‘लेखक महोदय’ झाले होते.

क्रमांक काढून अंकाला पाठवलेला मजकूर: ‘नाशिकच्या रहिवासी. पोस्टात २६ वर्षं नोकरी करून निवृत्त. त्यांच्या ३ कथा दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाल्या असून सध्या त्या मोडी लिपी शिकत आहेत.’

क्रमांकांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. मॉडेल नसलेल्या आधारालाही बिनदिक्कत क्रमांक चिकटवतं. मी छापील प्रतीवर पेन्सिलीने एकेक शब्द मूळ मजकुराशी जुळवतो. एवढ्या मजकुराला पाच मिनिटं लागतात. पुढची पाळी शेजारच्या तबलजींची. त्यांचा मूळ मजकूरच ‘सुप्रसिद्ध’ ने सुरू होतो, म्हणजे विशेषणाचा नियम तिथे काही कामाचा नाही.