मंडपाचा वासा आणि दोन वर्षांची सक्तमजुरी

कोल्हापुरात अतिरिक्त सत्र न्यायाधीश म्हणून काम करताना 2022 साली मी दिलेल्या एका शिक्षेचा हिशेब अजून माझ्या मनात जुळलेला नाही. निवृत्तीनंतर कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे शिक्षेच्या सिद्धांतांवर बोलायची वेळ आली की प्रतिशोध, जरब आणि सुधारणा हे तीन शब्द मी फळ्यावर लिहिते, आणि दर वेळी तोच खटला डोळ्यांपुढे येतो. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. कायद्याचा भाग जसा घडला तसाच आहे.

2018 च्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मंडपापुढे मोटारसायकल लावण्यावरून बाचाबाची झाली. 19 वर्षांच्या एका मुलाने मंडपाच्या सामानातला लाकडी वासा उचलला आणि समोरच्याच्या डोक्याच्या दिशेने एकच फटका मारला. समोरच्याने डावा हात आडवा धरला आणि कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. हा जखमी तरुण तालमीतला पैलवान होता. शस्त्रक्रिया झाली, हाडांना धातूच्या पट्ट्या बसवल्या, हाडेही जुळून आली, पण हात फिरेनासा झाला. साक्षीच्या पिंजऱ्यात सरकारी वकिलांनी त्याला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. प्रसाद घेताना आपण तळहात उताणा करतो तसा त्याने उजवा केला. डावा मात्र अंगठा वर असलेल्या स्थितीत अर्ध्यावरच थांबला. ‘चाळीस टक्के कायमचे अपंगत्व’ असे प्रमाणपत्र मी शेकडो वेळा वाचले असेन, पण त्या अर्ध्यावर थांबलेल्या तळहाताने जे सांगितले ते एकाही प्रमाणपत्राने सांगितले नव्हते.

पोलिसांनी तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावले होते. ऐन भांडणात मारलेला एकच फटका आणि त्यानंतर हातातला वासा टाकून पळालेला मुलगा यांवरून ठार मारण्याचा इरादा सिद्ध होत नव्हता. उरला तो प्रश्न कलम 325 की 326 एवढाच. दोन्ही कलमे जबर दुखापतीचीच होती, पण जिने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे अशी वस्तू हत्यार म्हणून वापरलेली असेल तर 326 लागे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाई. अन्यथा 325, ज्यात कमाल शिक्षा सात वर्षांची. मुद्देमाल म्हणून आलेला तो वासा मी हातात घेऊन पाहिला. लाखेच्या सीलचे तुकडे, पंचांच्या सह्यांचे फिके पडलेले लेबल आणि चार वर्षे कोठडीत पडून वाळलेले, एका टोकाला चिरलेले लाकूड. जप्ती पंचनाम्यात लांबी लिहिली होती अडीच फूट. जाडी लिहिलेली नव्हती आणि वजन तर कोणी कधीच करत नाही. पंचनामा म्हणजे ठरावीक वाक्यांचा छापील अर्ज असल्यासारखा जो लिहिला जातो, त्याची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बसला असता तर मृत्यू होऊ शकला असता, पण ते जोरावर अवलंबून आहे. अशा पुराव्यावर या वाशाला जीवघेणे हत्यार ठरवायला माझे मन धजेना आणि मी 325 खाली दोषी धरले.

बाहेरच्या माणसाला हे तांत्रिक वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे. अपराध्यांच्या परिविक्षेचा, म्हणजे त्यांना तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याचा, 1958 चा कायदा फाशी किंवा जन्मठेपेस पात्र असलेल्या गुन्ह्यांना लागत नाही. 326 धरले असते तर चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा दरवाजाच बंद झाला असता. 325 धरल्यामुळे तो किलकिला झाला. म्हणजे सुधारणेच्या सिद्धांताला जागा आहे की नाही हे शिक्षेच्या सुनावणीत ठरतच नाही, ते आधीच, वाशाच्या न मोजलेल्या जाडीवर ठरून गेलेले असते. पिंजऱ्यातला तो मुलगा पाहून हा दरवाजा उघडा राहावा असे मला आतून वाटत होते का आणि त्या वाटण्याने ‘संशयाचा फायदा’ हे भारदस्त नाव घेतले का, याचे प्रामाणिक उत्तर मला आजही देता येत नाही. निकालपत्रात कारणे दिली आहेत आणि ती बरोबर आहेत. पण बरोबर कारणे मागाहूनही सुचतात.

याच कायद्याच्या कलम 6 नुसार 21 वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवायचे असेल तर न्यायाधीशाला आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगच का, याची कारणे लिहावी लागतात. मात्र हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरायचे नसून न्यायालय त्याला दोषी धरते त्या दिवशीचे धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली रामजी मिसर प्रकरणात सांगितले आहे. माझ्यापुढचा मुलगा फटका मारताना 19 वर्षांचा होता आणि निकालाच्या दिवशी 23 वर्षांचा. मधली वर्षे आरोपनिश्चिती, बदली झालेल्या डॉक्टरांच्या तारखा आणि कोविडचा काळ यांत गेली. यात त्याचा दोष काहीच नव्हता, पण कायद्याने त्याच्या वयाला दिलेले संरक्षण त्या तारखांत संपून गेले. आता उरले होते फक्त बंधपत्रावर सोडण्याचे कलम 4, जे पूर्णपणे न्यायाधीशाच्या स्वेच्छाधिकारावर आहे.

दोषी धरल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकावे लागते. ही केवळ औपचारिकता नाही, त्याच्या आयुष्याची माहिती न्यायालयापुढे यायला हवी, असे संता सिंग प्रकरणात 1976 सालीच सांगितले गेले. प्रत्यक्षात ही सुनावणी बहुतेक वेळा दहा मिनिटांत उरकते. बचावाचे वकील उठतात आणि आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी, अशी चार वाक्ये बोलून बसतात. मुद्दे वेगळे असोत वा नसोत, वाक्ये तीच असतात. सरकारी वकील ‘कठोरातील कठोर शिक्षा’ एवढे म्हणून फाइल बंद करतात. मी दहा दिवसांची तारीख दिली, आरोपीचा जामीन तोवर चालू ठेवला आणि जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला. आमच्या बेंच क्लार्कने भुवया उंचावल्या, कारण सज्ञान आरोपीसाठी असा अहवाल सहसा कोणी मागवत नाही.

अहवाल अडीच पानांचा होता आणि मनापासून लिहिलेला होता. मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतो, फोरमनने त्याच्याविषयी चांगले सांगितले, मंडळात तो आता जात नाही, दुसरा गुन्हा नाही. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते: ‘आरोपी घटनेबद्दल खेद व्यक्त करतो, परंतु जखमीस तो आजवर भेटलेला नाही.’ या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली होती.

माझी एक सवय होती. युक्तिवाद ऐकण्यापूर्वी मी वहीच्या मागच्या पानावर मनातला आकडा लिहून ठेवत असे, म्हणजे नंतरचा आकडा नेमका कशामुळे बदलला ते स्वतःलाच तपासता येई. त्या दिवशीचा आधीचा आकडा होता तीन. हा आकडा प्रतिशोधाचा होता. प्रतिशोध म्हणजे सूड नव्हे. केलेल्या अपराधाच्या मानाने किती शिक्षा जास्त होईल आणि किती कमी पडेल, या दोन रेघा तो आखून देतो. ज्याची कुस्ती कायमची सुटली त्याच्या नुकसानीपुढे काही महिने ही थट्टा ठरली असती, आणि एका फटक्याला पाच-सहा वर्षे हा अतिरेक. सरकारी वकिलांनी त्या दिवशी मेहनत घेतली होती. दरवर्षी मंडळामंडळांत मारामाऱ्या होतात, मागच्या बाकांवर त्याच गल्लीतली पोरे बसली आहेत, त्यांना संदेश गेला पाहिजे, असे ते म्हणाले. मला हा युक्तिवाद नेहमीच अस्वस्थ करतो, कारण त्यात समोरच्या माणसाच्या वाट्याला दुसऱ्यांच्या धड्याचा खर्च येतो. पण तो निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. बचावाच्या वकिलांनी बंधपत्राची मागणी केली आणि हा मुलगा सुधारलेलाच आहे, तुरुंगात जाऊन बिघडेल, असे सांगितले. तेही खरे होते. आमच्या शेजारी आटपाडीजवळ औंध संस्थानच्या काळात, 1939 साली सुरू झालेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. पण अशा ठिकाणी मुख्यतः लांब मुदतीचे, वर्तन पारखून निवडलेले कैदी जातात. दोन-तीन वर्षांच्या कैद्याची सुधारणा करायला त्या मुदतीत कोणालाच फुरसत नसते.

जखमी तरुणाला बोलायचे आहे का, असे मी विचारले. तो उभा राहिला.

“बाईसाहेब, त्याला आत घालून माझा हात काय सरळ हुणार न्हाई. पर त्यो रोज तालमीसमोरनं गाडीवरनं जातोय, ते बघवत न्हाई.”

दुपारी दीड वाजता मी दोन वर्षे सक्तमजुरी आणि साठ हजार रुपये दंड सुनावला, आणि दंड वसूल झाल्यास त्यातले पन्नास हजार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 खाली जखमीला द्यावेत असा आदेश केला. अटकेत काढलेले 41 दिवस वजा व्हायचे होते. तीनातले एक वर्ष कमी झाले ते परिविक्षा अहवालामुळे; उरलेली दोन वर्षे राहिली ती त्यातल्या शेवटच्या वाक्यामुळे. तिन्ही सिद्धांतांना न्याय दिल्याचे एक समाधान मला चेंबरमध्ये जाताना वाटले होते, हे कबूल करते. आरोपीची आई व्हरांड्यात रडत होती.

साडेतीन वाजता बचावाच्या वकिलांचा अर्ज पुढे आला. आरोपी जामिनावर असेल, शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि त्याला अपील करायचे असेल, तर विशेष कारण नसल्यास शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच त्याला अपिलापुरते जामिनावर सोडायचे असते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389 चे पोटकलम 3 तसेच सांगत होते. विशेष कारण काही नव्हते. मी सही केली. नवा जातमुचलका झाला, जामीनदाराची सातबाराची प्रत लागली आणि साडेचारला तो मुलगा कोर्टाच्या आवारातून मोटारसायकलवर घरी गेला. मागच्या बाकावरची पोरे त्याच्या मागे होती. त्यांना जो काही संदेश मिळायचा तो मिळाला.

जखमी तरुण माझ्या लघुलेखकाला विचारत होता, पैसे कधी मिळतील. अपील करण्याची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दंडातली भरपाई देता येत नाही, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले. मला हे सकाळी माहीत नव्हते असे नाही. दोन्ही तरतुदी मी आधी किमान शंभरदा वापरल्या असतील. फक्त आकडा ठरवताना त्या मी हिशेबात धरल्या नव्हत्या, कारण शिक्षा ठरवताना तिच्या अंमलाचा विचार करायचा नसतो असे आम्हाला वळण लागलेले असते. कलम 4 खाली बंधपत्रावर सोडले असते तर परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख त्याच संध्याकाळपासून लावता आली असती. जखमीला भरपाई देण्याचा आदेशही त्याच कायद्याच्या कलम 5 खाली करता आला असता. पण मग त्या पैलवानाने निकालपत्रात ‘कैद’ हा शब्द शोधला असता आणि तो त्याला सापडला नसता.

अपील दाखल झाले एवढे मला कळले. पुढचे मी कोणाला विचारलेले नाही. वहीचे ते पान मी फाडून जपून ठेवले आहे. तीन, त्यावर काट, खाली दोन, आणि त्याच्या शेजारी त्याच संध्याकाळी काढलेले एक प्रश्नचिन्ह.