ही भुणभुण आपल्यासाठी नसते

दिवा मालवावा, कूस बदलावी, डोळा लागायला यावा आणि नेमकी तेव्हाच कानाशी ती बारीक तार सुरू व्हावी. एवढा मोठा देह अंथरुणावर पसरलेला असताना हिला कानच कसा सापडतो? खोडसाळपणाचा संशय यावा इतका नेम अचूक असतो.

खरं तर ती पायाच्या अंगठ्यापाशीही तेवढंच भुणभुणत असते. तो आवाज मुळात इतका क्षीण की थोडी लांब गेली तरी विरून जातो, म्हणून पायाशी चाललेला उद्योग आपल्याला कळतच नाही. डासाची मादी सेकंदाला साधारण चारशे ते सहाशे वेळा पंख मारते. मधमाशीचा पंख एका फटक्यात सुमारे 90 अंश फिरतो, तर डासाचा जेमतेम 40. फटका आखूड, म्हणून हवेत टिकायचं तर तो भराभर मारावा लागतो. त्यातूनच तो चिरका सूर येतो.

तरीही ती डोक्याकडे येते हे खरं आहे, आणि तिला बोलावतो आपणच. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के असतो. भोवतालच्या हवेत 0.04 टक्के. झोपलेल्या माणसाच्या नाकातोंडातून हा वायू खोलीत तरंगत जातो. सोंडेच्या शेजारच्या दोन छोट्या अवयवांना त्याचा माग लागला की ती वाऱ्याच्या उलट दिशेने निघते, माग तुटला तर आडवी घिरटी घेते, पुन्हा सापडला की पुढे. तो नाकापर्यंत पोचतो, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना कान. त्यात चादर गळ्यापर्यंत ओढलेली, म्हणजे उघडं राहिलेलं तेवढंच! पंखा जोरात लावला की त्रास कमी होतो तो यामुळेच: श्वासाचा माग विखुरतो, आणि त्या वाऱ्यात तिला धड उडताही येत नाही.

तो सूर ऐकायला आतुर असतो तिचा नर. त्याच्या मिशांच्या मुळाशी हजारो संवेदी पेशींचं एक श्रवणेंद्रिय असतं आणि मादीच्या पंखांचा स्वर त्याला बरोबर ओळखता येतो. मशीनगनवाल्या हायरम मॅक्झिमने 1878 साली अमेरिकेत एका हॉटेलात विजेचे दिवे बसवले, तेव्हा एका उपकरणाच्या गुणगुणीवर डास गोळा झालेले त्याने पाहिले. सगळे नर! चावणाऱ्या माद्या तिकडे फिरकल्याही नव्हत्या.

आता दुसरा प्रश्न. एकाच पलंगावर दोघं, एकाच्या हातावर गांधीच गांधी आणि दुसरा सकाळी ताजातवाना. "तुझं रक्त गोड आहे" असं त्यावर म्हणायची पद्धत आहे. पण रक्ताची चव लागण्याच्या कितीतरी आधीच निवड उरकलेली असते. श्वास सगळेच सोडतात, त्यावरून फक्त 'इथे कुणीतरी आहे' एवढं कळतं. पुढचं ठरतं त्वचेच्या वासावर.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉसहॉल यांच्या गटाने हे फार सुंदर तपासलं. 64 जणांना हाताच्या पुढल्या भागावर रोज सहा-सहा तास नायलॉनचे मोजे घालायला लावले. मग त्या मोज्यांचे तुकडे दोन-दोनच्या जोडीने पेटीत ठेवून डासांच्या माद्या कुठे जातात ते पाहिलं. माणूस समोर नाही, म्हणजे त्याचा श्वास नाही, ऊब नाही, नुसता वास. 33 क्रमांकाची व्यक्ती जवळपास प्रत्येक सामना जिंकत गेली. सर्वांत कमी आवडलेल्या व्यक्तीपेक्षा तिची ओढ शंभरेक पट निघाली, आणि तीन वर्षं पुन्हा पुन्हा तपासूनही क्रम फारसा हलला नाही. डासांना आवडणाऱ्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त सापडली. त्वचेचा तेलकटपणा आणि त्यावर जगणारे जिवाणू यांतून ती तयार होतात. साबणाने वरवरचा वास गेला तरी हे मिश्रण पुन्हा तयार होतंच.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. हे प्रयोग एडिस इजिप्ती या डासावरचे, आणि तो मुख्यतः दिवसा चावतो. रात्री कानाशी येते ती बहुधा क्युलेक्स. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस गॅम्बीचा ओढा तर पावलांकडे असतो. तेव्हा एकीची आवड दुसरीच्या गळ्यात मारू नये.

रॉकफेलरमध्ये शेवटी काही माद्यांच्या वास घेण्याच्या जनुकांतही बिघाड केला. त्यांची माणसाकडची ओढ मंदावली खरी, पण जास्त आवडणारा आणि कमी आवडणारा यांतला फरक त्यांना तरीही कळत राहिला.